भाडं थकलंय म्हणून कुलूप लावता येत नाही

घरमालकांच्या बहुतेक तक्रारी एकाच वाक्यावर येऊन थांबतात: "कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे." महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खालचे दावे चालवणारा वकील म्हणून माझं मत थोडं वेगळं आहे. निदान थकलेल्या भाड्याच्या बाबतीत तरी कायदा मालकाला सरळ रस्ता देतो. पण त्या रस्त्यावर दोन ठिकाणी थांबावं लागतं, आणि आपल्या लोकांना पहिल्याच ठिकाणी थांबायचा कंटाळा येतो.

घर खाली करून मागायची कारणं कलम १५ आणि १६ मध्ये आहेत. लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम, बेकायदा पोटभाडेकरू, शेजाऱ्यांना उपद्रव, दावा लावण्याआधी सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय घराचा वापर न करणं, मालकाची स्वतःची खरीखुरी गरज अशी ती यादी आहे. स्वतःची गरज हा वेगळ्या पोस्टचा विषय, कारण तिथे जास्त हाल कोणाचे होतील हेही कोर्ट तोलून बघतं. आज फक्त थकबाकी घेतो.

कलम १५ ची सुरुवातच मालकांना आवडत नाही. भाडेकरू भाडं देतोय, किंवा द्यायला तयार आहे, तोवर या कारणावर कब्जा मागता येत नाही. "द्यायला तयार" हे शब्द पोकळ नाहीत. काही मालक मुद्दाम भाडं घेत नाहीत, मनीऑर्डर परत पाठवतात आणि वर्षभराने म्हणतात, बघा, थकवलं. भाडेकरूने परत आलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या जपून ठेवल्या असतील तर असा दावा उलटू शकतो.

आता खरंच थकलं असेल तर काय? समजा भाडं दरमहा २,००० रुपये आहे आणि दहा महिने काहीच आलेलं नाही, म्हणजे २०,००० रुपये. पहिली पायरी लेखी मागणीची नोटीस. ती मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०६ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने बजावायची: टपालाने, हातात, घरातल्या माणसाकडे किंवा नोकराकडे, आणि तेही जमण्यासारखं नसेल तर जागेवर ठळक ठिकाणी चिकटवून. "भाडं कधी देताय?" हा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज म्हणजे नोटीस नव्हे, मग त्याखाली दोन निळ्या खुणा असोत नाहीतर चार.

नोटीस बजावली गेल्यापासून ९० दिवस पूर्ण होईपर्यंत दावा लावता येत नाही. मोजणी सुरू होते ती बजावणीच्या दिवसापासून, नोटिशीवर टाकलेल्या तारखेपासून नाही. टपाल पोचायला आठवडा लागला आणि मालकाने नोटिशीच्या तारखेपासून नव्वद मोजले, की दावा मुदतीआधीचा ठरतो. मग चांगली भक्कम थकबाकी असूनही सगळं पहिल्यापासून. म्हणून माझा आग्रह असतो की पोचपावती किंवा परत आलेलं पाकीट फाईलमध्ये आधी लावा, बाकीची कागदपत्रं नंतर. पाकीट परत आलं असेल तर ते फोडू नका, त्यावरचा पोस्टमनचा शेरा वाचा. पत्ता बरोबर असेल आणि शेरा "घेण्यास नकार" असा असेल, तर कोर्ट सहसा बजावणी झाली असं धरतं. "पत्ता अपुरा" असेल तर सरळ नवी नोटीस काढा.

नोटिशीत रक्कम महिन्यांसकट लिहा. लाईट बिल, रंगकाम, भिंतीला पडलेला खिळा हे सगळं भाड्यात मिसळून लाखाचा आकडा करायचा मोह होतो. त्याने भाडेकरू घाबरत नाही, त्याच्या वकिलाला मात्र बोलायला मुद्दा मिळतो.

आपल्या उदाहरणात नव्वद दिवस गेले, आणखी तीन महिने थकले. दावा लागला. मुंबईत लघुवाद न्यायालयात, पुण्यातही तेच, आणि जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे. समन्स बजावेपर्यंत आणखी दोन महिने गेले असं धरू. एकूण पंधरा महिने, ३०,००० रुपये.

इथे दुसरा थांबा येतो, आणि याची माहिती दोन्ही बाजूंना कमीच असते. समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी देय रक्कम १५ टक्के सरळ व्याजासह दिली किंवा कोर्टात भरली, त्यानंतर दाव्याचा निकाल लागेपर्यंत भाडं नियमित भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर त्याच्याविरुद्ध हुकूमनामा होत नाही. मालकाला हे ऐकवत नाही. मला मात्र हे रास्त वाटतं. मालकाचे पैसे व्याजासकट आले ना? नोकरी गेली, आजारपण आलं म्हणून वर्षभर मागे पडलेल्या माणसाचं घर त्यासाठी कायमचं का जावं?

पण ही सवलत काटेकोर आहे. २,००० वर दरमहा व्याज होतं २५ रुपये. भाडं महिनाअखेरीस देय आणि पंधराव्या महिन्याच्या अखेरीस भरणा, असा हिशोब केला तर पहिल्या महिन्याचं भाडं चौदा महिने उशिरा, म्हणून त्यावर ३५० रुपये. दुसऱ्यावर ३२५, असं उतरत जाऊन एकूण व्याज २,६२५. म्हणजे भरायचे ३२,६२५. भाडेकरू ३०,००० भरतो, व्याजाचं राहून जातं, आणि अडीच-तीन हजारांसाठी संरक्षण गमावतो. किंवा सगळं बिनचूक भरतो आणि पुढे "वकीलसाहेब बघतायत ना" म्हणत सहा महिने काहीच भरत नाही. मालकाच्या वकिलाने दर काही महिन्यांनी कोर्टातल्या भरण्याचा उतारा काढावा तो यासाठीच.

हुकूमनामा झाला तरी मालकाने स्वतः सामान बाहेर काढायचं नाही. भाडेकरूला अपिलासाठी ३० दिवस असतात. अपील झालं नाही किंवा त्यात स्थगिती मिळाली नाही, तर मालकाने दरखास्त दाखल करायची, कब्जा वॉरंट काढायचं आणि बेलीफामार्फत कब्जा घ्यायचा. या सगळ्याला वर्षं लागतात हे खरं, आणि मालकांचा संताप तिथे मला पूर्ण मान्य आहे. पण तो उशीर कोर्टातल्या गर्दीचा आहे, नव्वद दिवसांचा नाही.

त्या संतापात काही जण पाणी बंद करतात, मीटर काढतात, भाडेकरू गावी गेला की कुलूप बदलतात. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट हे सबळ कारणाशिवाय तोडायला कलम २९ ने मनाई आहे, आणि भाडेकरू कोर्टाकडून ते परत सुरू करून घेऊ शकतो. कुलूप बदललं तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत कब्जा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या नावावर आहे हा बचाव चालत नाही. म्हणजे थकबाकीदार भाडेकरू फिर्यादी होतो आणि मालक प्रतिवादी.

कॉमेंटमध्ये विचारलं जाईलच म्हणून सांगतो: अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर वाट वेगळी. मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने नुकसानभरपाई. तिथे समोरच्याला बचाव करायलाही आधी परवानगी मागावी लागते, समन्सपासून ३० दिवसांत. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोटरी केलेला स्टॅम्पपेपर घेऊन आलात, तर वेगाने कब्जा मिळण्याची गोष्ट सोडा, करारात काय ठरलं होतं याबद्दल समोरच्याचंच म्हणणं आधी धरलं जाईल.