पाणथरी दिसत नाही म्हणून पेनिसिलिन बंद?

"सिकलसेलच्या पोराची पाणथरी सोनोग्राफीत दिसतच नाही, म्हणजे सूज गेली, पेनिसिलिन बंद करा."

नाही हो, बंद करू नका! सिकलच्या पेशी अडकून अडकून पाणथरी आतून सुकून गेलीय. न्यूमोकोकस जंतूवर साखरेचं गुळगुळीत कवच असतं, पांढऱ्या पेशींना तो धरताच येत नाही, त्याला रक्तातून गाळायचं मुख्य काम पाणथरीचंच. लस त्या कवचाविरुद्ध अँटीबॉडी बनवते, मग लिव्हरसुद्धा जंतू पकडतं, पण लसीत सगळे प्रकार नसतात, म्हणून तर निदान पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन रोज दोनदा. समजा धडगावकडच्या पाड्यावर तीन वर्षांच्या पोराला संध्याकाळी १०१ ताप आला, तर गोळी देऊन सकाळची वाट बघू नका, तेव्हाच दवाखाना गाठा, कारण जंतू रात्रीतूनच रक्तभर पसरतो.