बाळू की वाळू

आमच्या परभणीच्या घरात आषाढीच्या आदल्या दिवशी मी लिहिलेली यादी वाचून पुतण्याने गंभीरपणे विचारले, "काका, मगर दीड किलो आणायची का?" भगरीच्या भ ची डोक्यावरची गाठ मी घाईत गिळली होती, पण एकादशीच्या तोंडावर किराणा दुकानात मगर कोणी मागत नाही, एवढे दुकानदाराला कळले आणि आमचा उपवास निभावला.

आजोबांच्या वहीने मात्र माझा सूड घेतला. निजामी अमदानीत ते मोडी शिकले होते, आणि पुढे बाळबोध लिहितानाही मोडीची सवय सुटली नव्हती: आधी पानभर शिरोरेषा ओढायची आणि मग तिला अक्षरे टांगायची. घ आणि ध, म आणि भ यांच्यात शिरोरेषा कुठे तुटते हा मोठा आधार असतो. तोच आजोबांनी रेघेखाली गाडून टाकला होता. उरली ती फक्त डावीकडची इवलीशी गाठ, आणि तीही शाई पुरली तर.

विहिरीच्या खर्चात एक नोंद होती: "बाळूला १० रुपये." की "वाळूला"? दोन्ही बरोबर होते, कारण बांधकामाला वाळू लागते आणि गावात बाळू असतोच. मी शंका न येणारे शब्द शोधले. "वैल" नावाचे जनावर नाही, म्हणून बैलातला ब पक्का. "बिहीर" कोणी खणत नाही, म्हणून विहिरीतला व पक्का. दोन्ही भिंगाखाली ताडून पाहिल्यावर कळले की, आजोबांच्या ब ची रेघ पोटात पूर्ण जात नाही, नुसती टोचून थांबते. मोठ्या उत्साहाने मी वादग्रस्त अक्षराकडे वळलो, तर कसरीने नेमके त्याच पोटाला भोक पाडलेले!

मग व्याकरणाला शरण गेलो. दोन ओळींखाली तेच नाव पुन्हा होते आणि पुढे "जेवून गेला" असे लिहिले होते. वाळू स्त्रीलिंगी असते, आणि आमच्याकडे ती जेवतही नाही. तरीही माझी आत्या अडून बसली, कारण त्या ओळीतला बाळू निराळ्या कामाला आला असेल, असे तिचे म्हणणे (ती निवृत्त शिक्षिका आहे). शेवटी बेरजेने निकाल दिला: पानाच्या तळाशी "मजुरी ४५" असा आकडा होता, आणि वरच्या २० व १५ मध्ये हे १० मिळवले तरच तो जुळत होता.

बाळू सिद्ध झाला, तेव्हा आत्याने पान उलटले. मागे एकच ओळ होती, "बाळू ओला", आणि आता ती मला विचारते आहे की हा "आला" आहे, की "वाळू ओली" आहे.