कुबट की घामट?

रविवारी सकाळी तलावपाळीचा कट्टा ओला होता. बंड्याने पेपर फाडून पाच जणांना बसायला एकेक पान दिलं आणि राशिभविष्याचं पान स्वतःच्या बुडाखाली घेतलं. चहा आला. मग मी तीन आठवडे पोटात ठेवलेलं प्रकरण बाहेर काढलं. ऐरोलीच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या पोराचा वास येतो. पोरगा सव्वीस वर्षांचा, कामाला चोख, बदलापूरहून येतो. त्याला सांगायचं कसं?

"तूच का सांगायचं?" वैशालीने विचारलं.

"कारण मी शेजारी बसतो."

"हे बरोबर आहे. ज्याच्या नाकाला येतो त्यानेच सांगावं."

वैशाली एका हॉस्पिटलात सिस्टर इन-चार्ज आहे. बावीस वर्षांत तिने इतक्या जणांना इतक्या अवघड गोष्टी सांगितल्यात की आमच्यात शेवटचा शब्द तिचाच असतो. प्रमोदला हे मान्य नाही. प्रमोद एचआरला आहे. त्याला वेळ विचारली तरी तो आधी पीपीटी उघडतो.

"असं थेट बोलायचं नसतं," प्रमोद म्हणाला. "सेन्सिटिव्ह इश्यू आहे. सगळ्या स्टाफला एक जनरल मेल टाकायचा. वैयक्तिक स्वच्छता, मॉन्सून स्पेशल. कुणाचं नाव नाही, कुणाला वाईट वाटायला नको."

"त्याने काय होतं?"

"अवेअरनेस येतो."

"कुणाला येतो? दोनदा आंघोळ करणारी बिचारी बाथरूममध्ये जाऊन स्वतःची काख हुंगून येते. आणि ज्याच्यासाठी मेल, तो म्हणतो, बरं झालं, त्या कोपऱ्यातल्याला कुणीतरी सांगितलं एकदाचं."

"ग्रूमिंगचं सेशनही घेता येतं," प्रमोदने तरीही पुढची स्लाइड लावली.

"कशाला एवढं?" बंड्या म्हणाला. "सकाळी लवकर जा, त्याच्या टेबलावर डिओची बाटली ठेव, सटक."

इतका वेळ गप्प बसलेल्या सुध्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. आम्हा सगळ्यांना कळलं की आता साबण येणार.

"नववी ब," सुध्या म्हणाला. "मधल्या सुट्टीनंतर. दप्तरात, कंपासपेटीवर. हिरव्या साबणाची वडी, कागदासकट."

सुध्या हा विषय दर दोन वर्षांनी काढतो. एकदा तर माझ्या लग्नात, पंगतीत काढला होता.

"वासाचं मला काही वाटलं नाही रे. येत असेल. चाळीत नळाला सकाळी अर्धा तास पाणी, आम्ही घरात सात जणं. पण वडी कुणी ठेवली ते कळलं नाही ना. मग वर्गातली सगळी पोरं माझ्या हिशोबी तीच. दहावी सुटेपर्यंत कुणी माझ्याकडे बघून हसलं की मला हिरवं दिसायचं."

बंड्या चहात बघत होता.

"घे," वैशाली मला म्हणाली. "बाटलीचं उत्तर मिळालं. आता मला सांग, वास कसला येतो? घामट की कुबट?"

मी म्हणालो, वास तो वास.

"अरे, तीन आठवडे शेजारी बसलायस ना? सकाळी आल्या आल्या येतो की दुपारनंतर चढत जातो?"

मी आठवून सांगितलं. सकाळी नऊलाच येतो. एसीत दोन तास बसल्यावर उलट कमी होतो. काखेचा आंबूस वास नाही. ओलं फडकं बादलीत राहिल्यासारखा आहे.

"मग अंगाचा नाहीये तो, कपड्यांचा आहे," ती म्हणाली. मग तिने जे सांगितलं ते मला तरी नवं होतं. जुलैत कपडे खोलीत दोरीवर दीड-दोन दिवस दमट राहतात. त्या दमटपणात कापडावर जंतू वाढतात आणि नेहमीच्या थंड पाण्याच्या धुण्यात ते सगळे मरत नाहीत. शर्ट वाळला, इस्त्री झाली की वास दबतो. घरातून निघताना नाकाला लावून बघितला तरी काही येत नाही. मग माणूस बदलापूरची गाडी पकडतो, ठाण्याला उतरून दुसऱ्या गाडीत घुसतो, तासभर गर्दीत शर्ट अंगावर भिजतो. ओल मिळाली की तोच वास पुन्हा सुटतो. कापड पॉलिस्टरचं असेल तर अजूनच, सुती कापडापेक्षा ते वास जास्त धरून ठेवतं.

"कंपनीचा टी-शर्ट आहे त्याचा," मी म्हणालो. "पॉलिस्टरचाच."

"म्हणजे पोरगा रोज आंघोळ करून, धुतलेला, इस्त्रीचा शर्ट घालून येत असणार. आणि तू त्याला म्हणणार, बाबा, आंघोळ करत जा. काय तोंड राहील तुझं?"

"आणि त्याला स्वतःला कळत नाही?" प्रमोदने विचारलं.

"तुला तुझ्या घराचा वास येतो? पाहुण्यांना येतो. सतत नाकाशी असलेला वास नाक थोड्या वेळात मोजायचंच सोडतं. म्हणून तर दुसऱ्याने सांगावं लागतं."

इथे बंड्याने घाण केली. "पण काय खात असेल तेही बघायला हवं. काही लोकांचं खाणंच असं..."

"बंड्या, तोंड बंद. घामाचं बोलायला निघालास आणि त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात शिरलास. तिथे शिरलं की ती गोष्ट वासाची राहत नाही, जातीची होते. ती पुढे कुणाला पुसता येत नाही."

बंड्या स्वतः काल रात्री मामलेदारची तिखट मिसळ खाऊन आला होता आणि अजून कपाळ पुसत होता, हे मी नोंदवून ठेवतो.

मग वैशालीने स्वतःची गोष्ट सांगितली. सुरुवातीच्या वर्षांत तिच्या वॉर्डात एक शिकाऊ मुलगी होती. हॉस्टेलच्या खोलीत चौघी, युनिफॉर्मचे दोनच जोड, पावसाळा. ड्यूटी बदलताना, चार जणींसमोर, वैशाली पटकन म्हणून गेली, "अगं, युनिफॉर्म धुतेस ना?" मुलगी दुसऱ्या दिवशी स्वच्छ आली. पण त्यानंतर तिने वैशालीला एकही शंका विचारली नाही. एका रात्री इंजेक्शनच्या मात्रेचा घोळ होता होता वाचला. मुलीला शंका आली होती, समोर वैशाली बसली होती, आणि ती विचारायला आली नाही.

"माती खाल्ली मी. तेव्हापासून चौघांत नाही, आणि ड्यूटीच्या आधी नाही. ड्यूटी संपल्यावर, एकटीला गाठून."

"संध्याकाळीच का?" मी विचारलं.

"सकाळी सांगितलंस तर तो आठ तास हात अंगाला चिकटवून बसेल. संध्याकाळी सांगितलंस की तो सरळ घरी जातो. स्टेशनला जाता ना बरोबर? चालता चालता सांग. शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही."

आता तालीम करायची ठरली. बंड्या पोरगा झाला. मी घसा खाकरला.

"तुझं काम एकदम मस्त चाललंय. टीममध्ये सगळे तुझ्यावर खूश आहेत. फक्त एक छोटीशी..."

"थँक्यू सर! पगारवाढ कधीपासून?" बंड्या म्हणाला.

"बघितलंस?" वैशाली म्हणाली. "त्याला एक तर बढती ऐकू येईल, नाही तर नोकरी गेली असं वाटेल. कौतुक वेगळ्या दिवशी कर. पहिल्या वाक्यात सांग की गोष्ट अवघड आहे. दुसऱ्यात गोष्ट सांग. तिसरं वाक्य नको."

दुसऱ्या खेपेला मी म्हणालो, "एक अवघड गोष्ट सांगतोय, राग मानू नकोस. गेले काही दिवस तुझ्या शेजारी बसलं की मला कुबट वास येतो, बहुतेक कपड्यांचा असावा. माझ्या बाबतीत असतं तर कुणीतरी मला सांगावं असं वाटलं असतं."

"हे तिसरं वाक्य झालं," प्रमोद म्हणाला.

"हे चालेल," वैशाली म्हणाली. "आता गप्प बस. तो काहीतरी बोलेल, ते ऐक."

बंड्याने खरंच तोंड पाडलं. "सगळ्यांना येतो का? कोण कोण म्हणालं?"

आणि मी अडकलो. कारण आमच्यातले दोघं टपरीवर याच्याबद्दल बोलले होते. खरं म्हणजे दोघं नाही, तिघं. तिसरा मी.

वैशालीने कपाळावर हात मारला. "इथेच तर सगळं फसतं. 'सगळे म्हणतात' ऐकलं की तो त्या खोलीत पुन्हा कधी मोकळा बसणार नाही. तुला म्हणता यायला हवं की मी माझ्यापुरतं सांगतोय, कुणाचा निरोप आणलेला नाही. आणि ते खरं असायला हवं. टपरीवरचं तोंड उद्यापासून बंद ठेवा तुम्ही तिघं."

"आणि आत्ता आपण पाच जणं इथे काय करतोय?" सुध्याने विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही. तलावात एक बदक बुडी मारून वर आलं.

"उपाय सांगू का त्याला?" मी विचारलं.

"विचारलं तर. गरम पाण्यात भिजवून धू, मशिनमध्ये ओले कपडे तासन् तास ठेवू नकोस, दोरीवर सुटे पसर आणि खाली पंखा लाव, बॅगेत एक सुती शर्ट ठेव. नाही विचारलं तर नको. आणि तो म्हणाला की कपडे नाहीत, मला घामच फार येतो, किंवा हे हल्लीच सुरू झालंय, तर डॉक्टरला दाखव एवढंच म्हण. काही वास साबणाने जाणारे नसतात. मधुमेहात, चयापचयाच्या बिघाडात अंगाचा, श्वासाचा वास बदलतो. तिथे तू डॉक्टर होऊ नकोस."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"आल्या आल्या पहिल्या पाच मिनिटांत त्याला कामातलं काहीतरी विचार. खरंखुरं, तुला अडलेलं. तो रात्रभर याच विचारात असतो की हा आता माझ्याशी कसा वागेल."

प्रमोद म्हणाला, याचा फॉलो-अप फॉर्म करता येईल. सुध्याने त्याच्या मांडीखालचा क्रीडा पानाचा तुकडा ओढून घेतला आणि तो ओल्या दगडावर सपकन बसला.

हसण्यात विषय गेलाच होता, तेवढ्यात बंड्या ग्लासाकडे बघत म्हणाला, "सुध्या, ती वडी मी ठेवली नव्हती."

"मग?"

"मी फक्त पैसे दिले होते."

सुध्याने एकेकाकडे बघायला सुरुवात केली. वैशाली मुलींच्या शाळेत होती, तिला सुट्टी. प्रमोद म्हणाला, मी तेव्हा ठाण्यात नव्हतोच, आठवीत डोंबिवलीला होतो.

मी उठून चहाचे पैसे द्यायला गेलो. पाचही जणांचे.

"बसा साहेब," सुध्या मागून म्हणाला. "आज तुमच्याकडून मिसळ पण."