टोपीच्या सावलीतले डोळे: ‘शॅडोज शंभर’ने काय होतं, काय होत नाही

“भर उन्हात कॅपखाली डोळे काळे पडले तर घाबरू नका. रॉमध्ये काढलंय ना, मग सगळं त्यात आहेच. Shadows +100 करा, डोळे बाहेर. मग डोळ्याचा पांढरा भाग उजळवा, बुबुळात वरच्या बाजूला एक पांढरा ठिपका काढा, की डोळ्यांत जान येते. फोटो काढताना रिफ्लेक्टर-फ्लॅशची झंझट कशाला?”

लाइटरूममध्ये फोटो सुधारणाऱ्यांना हा सल्ला नेहमी मिळतो. त्यातलं रॉबद्दलचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलबद्दलचं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे. उन्हातला गाल आणि कॅपच्या कडेखालचा डोळा यांत साधारण तीन स्टॉपचा फरक पडतो, म्हणजे डोळ्यावर गालाच्या एक-अष्टमांश प्रकाश असतो. एवढा फरक आजकालचे कॅमेरे पेलतात. पण कॅप आतून गडद निळी असेल आणि पायाखाली काळी माती किंवा डांबर असेल, तर खालून उसळून येणारा प्रकाशही मिळत नाही आणि फरक आणखी वाढतो. म्हणून काम सुरू करण्याआधी Exposure तात्पुरतं +3 करा आणि डोळा १०० टक्क्यांवर पाहा. पापणीची घडी दिसते का? पांढऱ्या भागाची आणि बुबुळाची सीमा कळते का? कळत असेल तर पुढे जा. नुसते जांभळट-हिरवट डाग उमटले तर तिथे काही नाही. तपकिरी बुबुळ आणि मधली काळी बाहुली वेगळी दिसायचा हट्ट मात्र धरू नका; आपल्याकडचे डोळे चांगल्या उजेडातही तसे क्वचितच दिसतात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली जेपीजी असेल तर उजळवल्यावर चौकोनी ठोकळे वर येतात. तिच्यावर वेळ घालवू नका, मूळ फाइल मागवा.

खरी गडबड Shadows मध्ये आहे. ती पट्टी उजेड-अंधार बघते, जागा बघत नाही. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदार काकांचा फोटो घेऊ. फेब्रुवारीतली दुपार, लाल कॅप, भरघोस काळी मिशी, मागे मांडवाखालचा अंधार. मुलाला तो फोटो द्राक्षांच्या खोक्यावर छापायचा होता. Shadows शंभरवर नेल्याबरोबर डोळ्यांआधी मिशी राखाडी झाली, मांडवाखालचा पसारा उजळून पुढे आला आणि कॅपच्या कडेभोवती फिकट वलय उमटलं. डोळे थोडे दिसू लागले, पण काकांचं वय दहा वर्षांनी वाढलं.

तिथे हवा होता मास्क, म्हणजे निवडलेल्या भागापुरताच बदल, आणि तोही नुसत्या डोळ्यांवर नाही. सावली कपाळापासून वरच्या ओठापर्यंत एकसंध पडलेली असते. त्यातले दोन डोळेच उजळवले तर चेहऱ्यावर दोन खिडक्या उघडल्यासारख्या दिसतात. म्हणून ब्रशने सावलीचा पूर्ण आकार रंगवायचा. इथे बहुतेकजण सवयीने ब्रशची कड खूप मऊ ठेवतात आणि फसतात. सूर्याचा आकाशातला व्यास जेमतेम अर्धा अंश. कॅपची कड चेहऱ्यापासून सात सेंटिमीटर पुढे असेल तर सावलीची किनार भर दुपारीही फार तर दोन-एक मिलीमीटर पसरते. किनार धारदार आणि मास्क मऊ, म्हणजे गालावरच्या उन्हात मास्क सांडतो आणि सावलीच्या सीमेवर एक पांढुरकी रेघ येते. त्यावर उपाय सोपा आहे. ब्रश थोडा सैल फिरवा, मग Intersect Mask With मधून उजेडाच्या पातळीनुसार भाग निवडणारं Luminance Range घ्या आणि त्याची मर्यादा उन्हातला गाल वगळला जाईपर्यंत खाली आणा. किनार आपोआप धारेवर बसते.

आता किती उजळवायचं? काकांच्या फोटोत मास्कवर Exposure +1.2 पुरलं. तीन स्टॉपचा फरक पावणेदोनवर आला. तो शून्यावर आणायचा नाही, कारण कॅप फोटोत दिसते आहे आणि बघणाऱ्याला तिची सावली अपेक्षित आहे. सावली पुसली की कॅप नंतर चिकटवल्यासारखी वाटते. पूर्ण फोटोचं Highlights थोडं खाली घेतलं की उन्हातला गालही जवळ येतो आणि मास्कवरचा भार कमी होतो.

रंगाकडे मात्र कुणी बघत नाही. उघड्यावरच्या सावलीत आकाशाचा निळा उजेड येतो, बागेत त्यात पानांचा हिरवा मिसळतो आणि लाल कॅपचा आतला भाग कपाळावर तांबूस झाक टाकतो. अंधारात हे खपून जातं. उजळवल्यावर कपाळ विटकरी आणि डोळ्यांखालचा भाग हिरवट दिसू लागतो. मास्कवर Temp थोडं उबदार बाजूला, Tint किंचित मॅजेंटा बाजूला नेलं आणि Saturation दहा-पंधराने उतरवलं की त्वचा जागेवर येते. कपाळाचा तांबूसपणा उरलाच तर त्याला वेगळा छोटा मास्क. त्याच भागात दाणे दाबणारी Noise ची पट्टीही थोडी वाढवा, कारण उजळवलेल्या सावलीत दाणे आधी दिसतात.

पांढरा ठिपका हा तर या सल्ल्याचा सगळ्यात वाईट भाग. कॅप घातलेल्या माणसाच्या डोळ्यात वरून प्रकाश शिरतच नाही, तिथे कॅपची कड आडवी आलेली असते. डोळ्यावरचा चमकता बिंदू असतो तो खालच्या अर्ध्या भागात, कारण त्यात उजळ जमिनीचं प्रतिबिंब असतं. फोटो नीट मोठा करून पाहिला तर तो बहुतेक वेळा सापडतो, फिका आणि पसरट. काकांच्या डोळ्यात वाळक्या गवताचा पट्टा होता. बुबुळाच्या खालच्या अर्ध्यावर छोटा मास्क आणि Exposure +0.4, एवढ्यानेच नजर आली. वर ठिपका काढला असता तर कॅपला भोक पडलंय का, असा प्रश्न पडला असता. पांढऱ्या भागाचंही तेच. सावलीतला पांढरा भाग राखाडीच असतो. तो उन्हातल्या गालापेक्षा उजळ झाला की माणूस दचकल्यासारखा दिसतो. मी त्याला वेगळा हातच लावत नाही.

राहिली झंझट. नाशिकला फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य पाऊणच्या सुमारास माथ्याजवळ, साधारण ५७ अंशांवर असतो. सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं तर सात सेंटिमीटरच्या कडेची सावली जवळजवळ अकरा सेंटिमीटर खाली उतरते. डोळे कडेखाली चारेक सेंटिमीटरवर असतात, म्हणजे ते सावलीत खोल बुडालेले. सूर्य ३० अंशांवर यायला सव्वाचार वाजतात, तेव्हा कुठे डोळे उघड्यावर येऊ लागतात. तोवर थांबता येत नसेल तर दोन बोटांनी कॅप मागे सरकवायला सांगा, हनुवटी किंचित वर. किंवा काकांना सूर्याकडे पाठ करून उभं करा. मग सगळा चेहराच सावलीत जातो, धारदार किनार उरत नाही आणि मास्कची गरजही बरीचशी संपते. थर्मोकोलची पांढरी शीट कमरेच्या उंचीवर, चेहऱ्याच्या दिशेने तिरकी धरली तर डोळ्यांतला खालचा उजेड खरा मिळतो. फ्लॅश वापरलाच तर तो उन्हापेक्षा सव्वा-दीड स्टॉपने कमी ठेवा, नाहीतर कॅपच्या आतला शिलाईचा धागासुद्धा मोजता येतो. आणि मांडवाच्या अगदी आत नेऊ नका. पानांमधून पडणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर आले तर ते काढायला कॅपच्या सावलीपेक्षा जास्त वेळ जातो.