५४ केबीत "९९ टक्के अचूक"? पण ९९ टक्के कशाचे?

"काउंट-मिन स्केच वापरा! फक्त ५४ केबी मेमरीत कोट्यवधी नोंदींमधल्या कुठल्याही आयटमची मोजणी ९९ टक्के अचूक मिळते. हॅश फंक्शन वाढवली की अचूकता आणखी वाढते, टॉप १० आपोआप कळतात, आणि दहा मशीनवरची स्केच नुसत्या बेरजेने जोडता येतात. हॅशमॅप विसरा."

हा फॉरवर्ड एका धाकट्या सहकाऱ्यापर्यंत पोचला आणि तो खरंच हॅशमॅप काढून टाकायला निघाला, म्हणून हे लिहावं लागतंय.

काउंट-मिन स्केच म्हणजे आकड्यांचा एक छोटा तक्ता, ज्यातून कुठला आयटम किती वेळा आला याचा अंदाज मिळतो. ५४ केबीचा आकडा बरोबर आहे, तेवढं मान्य करतो. ग्रॅहम कॉर्मोड आणि एस. मुथुकृष्णन यांच्या २००५ च्या मूळ पेपरात तक्त्याचं माप सरळ दिलंय: प्रत्येक ओळीत `w = ⌈e/ε⌉` कप्पे आणि एकूण `d = ⌈ln(1/δ)⌉` ओळी. `ε` वरून चुकीची मर्यादा ठरते, आणि `δ` म्हणजे ती मर्यादा मोडण्याची जास्तीत जास्त शक्यता. `ε = 0.001` आणि `δ = 0.01` घेतलं की २,७१९ कप्प्यांच्या ५ ओळी होतात. एकूण १३,५९५ कप्पे, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ५४,३८० बाइट. काम एवढंच:

```python
def add(x):
    for r in range(d):
        T[r][h(r, x)] += 1

def query(x):
    return min(T[r][h(r, x)] for r in range(d))
```

आयटम आला की प्रत्येक ओळीतला त्याचा एकेक कप्पा एकाने वाढतो; कुठला कप्पा ते त्या ओळीचं स्वतःचं हॅश फंक्शन `h` ठरवतं. विचारलं की त्याच पाच कप्प्यांतला सगळ्यात लहान आकडा मिळतो. एकाच कप्प्यात अनेक आयटम येऊन पडतात, म्हणून उत्तर खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतं, कमी कधीच येत नाही.

आता ते ९९ टक्के. पेपरातली हमी अशी आहे: उत्तर खऱ्या मोजणीपेक्षा `εN` हून जास्त चुकणार नाही, आणि हे किमान `1-δ` एवढ्या शक्यतेने खरं असेल. ९९ टक्के आलेत ते या `δ` मधून. हमी पाळली जाण्याची ती शक्यता आहे, उत्तराची अचूकता नव्हे. आणि `N` म्हणजे त्या आयटमची मोजणी नव्हे, तर स्ट्रीममधल्या सगळ्या नोंदींची बेरीज. सगळा घोळ इथे आहे.

एक उदाहरण करून बघा. स्ट्रीममध्ये १० लाख वेगवेगळे आयटम आहेत आणि प्रत्येक बरोबर १० वेळा आलाय. `N` झाला १ कोटी. एका ओळीत २,७१९ कप्पे, म्हणजे एका कप्प्यात सरासरी ३६८ आयटम, आणि कप्प्यातला आकडा साधारण ३,६८०. पाच ओळींतला सगळ्यात लहान घेतला तरी तो ३,४५० च्या आसपास असतो, कारण सगळ्याच कप्प्यांत जवळपास तेवढीच गर्दी आहे. १० वेळा आलेल्या आयटमची मोजणी ३,४५०! आणि जो आयटम एकदाही आलेला नाही, त्याचंही उत्तर जवळपास तेवढंच. तरीही हमी मोडलेली नाही, कारण `εN` म्हणजे १०,००० होतात आणि आपली चूक त्याच्या आतच आहे. स्केचने आपलं काम चोख केलंय, चुकीचा प्रश्न आपण विचारलाय.

याच स्ट्रीममध्ये एखादा आयटम २ लाख वेळा आला असता, तर उत्तर २ लाख ३ हजार ५०० च्या आसपास आलं असतं. म्हणजे पावणेदोन टक्के जास्त, आणि ते बहुतेक कामांना चालतं. स्केच आहेच मुळी अशा जड आयटमसाठी. तुमचा डेटा विषम असेल, थोडे आयटम प्रचंड वेळा आणि बाकीचे तुरळक येत असतील, तर ते उत्तम चालतं. "कुठल्याही आयटमची" हा शब्दप्रयोग मात्र धादांत खोटा आहे.

"मग `ε` लहान करू" असं कोणी म्हणेलच. वरच्या उदाहरणात चुकीची मर्यादा १० वर आणायची तर `ε` दशलक्षांश हवा. मग एका ओळीत सुमारे २७ लाख कप्पे, पाच ओळी, ५४ एमबी. उलट १० लाख आयटमचा साधा हॅशमॅप ८ बाइटचा आयडी आणि ४ बाइटचा काउंटर ठेवून, निम्मी जागा रिकामी सोडली तरी, २४ एमबीत बसतो. तोही अचूक. तेव्हा हॅशमॅप विसरण्याआधी वेगळे आयटम किती आहेत ते मोजा.

गोंगाट किती आहे हे कळायला पेपर वाचायचीही गरज नाही. स्ट्रीममध्ये कधीच येणार नाहीत अशा हजारेक बनावट आयडींवर `query` चालवा. जी उत्तरं येतील तोच तुमचा गोंगाट. खऱ्या आयटमचं उत्तर त्याच्या आसपास असेल, तर त्यावरून कसलाही निष्कर्ष काढू नका.

हॅश फंक्शन वाढवण्याबद्दल: ओळी वाढल्या की नशीब खराब असण्याची शक्यता घटते, चुकीची मर्यादा नाही. ती घटते रुंदीने. तेवढ्याच ५४ केबीत ५ ऐवजी २० ओळी केल्या तर प्रत्येक ओळीत जेमतेम ६८० कप्पे उरतात आणि वरच्या उदाहरणात प्रत्येक कप्प्यात साधारण १४,७०० जमतात. २० ओळींतला लहानात लहान आकडा घ्या नाहीतर २०० ओळींतला, गर्दी सगळीकडेच आहे. मेमरी वाढवायची असेल तर आधी रुंदी वाढवा.

टॉप १० आपोआप कळत नाहीत. तक्त्यात फक्त आकडे असतात, आयटमची नावं नसतात. शेजारी एक छोटा हीप ठेवावा लागतो: प्रत्येक `add` नंतर अंदाज बघायचा, आणि तो हीपमधल्या सगळ्यात लहानापेक्षा मोठा असेल तर आयटम आत घ्यायचा.

राहिली बेरीज. हे अर्धसत्य आहे, आणि अर्धं आहे म्हणूनच जास्त त्रास देतं. कप्प्याला कप्पा मिळवून दोन स्केच जोडता येतात हे खरं, पण `w`, `d` आणि हॅशची बीजं, म्हणजे सीड, दोन्हीकडे तंतोतंत तीच हवीत. पायथनमध्ये `h` साठी अंगभूत `hash()` वापरलं की इथेच फसगत होते. स्ट्रिंगसाठी ते प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळं बीज घेतं, म्हणून एकच आयडी पहिल्या मशीनवर ४१२ व्या कप्प्यात जातो आणि दुसऱ्यावर १,९०७ व्या. जोडल्यावर एररही येत नाही. ओळीतल्या कप्प्यांची बेरीज तपासली तर तीही बरोबर `N` येते, म्हणून ती तपासणी कुचकामी. पण आयटमची दुसऱ्या मशीनवरची मोजणी भलत्याच कप्प्यात पडलेली असते, आणि मग जे स्केच कधीच कमी सांगत नाही तेच कमी सांगू लागतं.

उपाय म्हणजे प्रत्येक ओळीला ठरावीक बीज देऊन मर्मरहॅशसारखं स्थिर हॅश वापरणं. आणि जोडण्याआधी दोन्ही मशीनवर एकाच आयडीसाठी पाचही ओळींचे `h(r, x)` छापून बघा. एक जरी वेगळा निघाला तर ती बेरीज करू नका.