ब्युटिशियन वाढवल्या म्हणून ग्राहक वाढत नाहीत

«घरपोच सेवेच्या ॲपवर जितके जास्त प्रोफेशनल, तितके जास्त ग्राहक, आणि जितके ग्राहक, तितके प्रोफेशनल. हाच नेटवर्क इफेक्ट. एका शहरात चक्र फिरलं की पुढची शहरं आपोआप मिळतात.»

असा दावा नेहमी केला जातो. त्यातलं आधी शहरांचं बघू. पुण्यातल्या प्लंबरचा नाशिकच्या ग्राहकाला काही उपयोग नाही. हडपसरचा प्लंबर कोथरूडलाही सहसा जात नाही, कारण अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये जातो. नव्या शहरात ब्रँडची ओळख आणि ट्रेनिंगची पद्धत सोबत येते. माणसं पुन्हा शून्यापासून जोडावी लागतात.

खरी गफलत पहिल्या वाक्यात आहे. समजा, एका भागात 40 ब्युटिशियन आहेत आणि दिवसाला 120 कामं येतात. प्रत्येकीला तीन कामं, कमिशन वजा जाता कामामागे 400 रुपये, म्हणजे रोजचे 1200. ग्राहकाला दोन तासांत स्लॉट मिळतो. आता कंपनीने आणखी 20 जणी घेतल्या. स्लॉट दीड तासात मिळू लागला, पण त्या अर्ध्या तासासाठी कोणी जास्त वेळा व्हॅक्सिंग करून घेत नाही. कामं जेमतेम 126 झाली. आता प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी 2.1 कामं आणि 840 रुपये. अशा वेळी सगळ्यात आधी बाहेर पडते ती उत्तम काम करणारी, कारण तिचे स्वतःचे ग्राहक असतात. मग रेटिंग घसरतं आणि ग्राहकही गळतात. दिवाळीच्या आधी किंवा रविवारी सकाळी मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त असते तेव्हा नव्या 20 जणींचा खरंच उपयोग होतो. पण तो त्या तासांपुरता, त्या पिनकोडपुरता. वाट पाहणं पुरेसं कमी झालं की पुढे परिणाम उरत नाही.

दुसरं भोक गळतीचं. घरसफाईत तोच माणूस दर आठवड्याला हवा असतो. एकदा विश्वास बसला की फोन नंबर घेतला जातो आणि ॲप बाजूला पडतं. अमेरिकेतल्या ‘होमजॉय’ने पहिली सफाई 19 डॉलरला देऊन ग्राहक जमवले; त्यातले बरेच पुन्हा आले नाहीत. जुलै 2015 मध्ये कंपनी बंद झाली. कारण म्हणून तिने सफाई करणारे कर्मचारी की कंत्राटदार यावरच्या खटल्यांकडे बोट दाखवलं, पण सवलतीने आणलेला ग्राहक टिकत नव्हता हेही तितकंच खरं.

म्हणून एकूण नोंदणीचे आकडे दाखवणाऱ्याला मी एवढंच विचारते: एका पिनकोडमध्ये सवलत बंद करा आणि तीन महिने पाहा. आलेल्या विनंत्यांपैकी किती पूर्ण होतात? प्रत्येकीला आठवड्याला किती कामं मिळतात? जुने ग्राहक ॲपवरूनच परत बुक करतात का? माणसं वाढली तशी हे तिन्ही आकडे सुधारले, तर त्या पिनकोडमध्ये नेटवर्क इफेक्ट आहे. पहिला वाढला आणि दुसरा पडला, तर तिथे भरती थांबवा आणि आधी मागणी वाढवा.