मावशीच्या खात्यातले 887 रुपये

आज जळगावहून परत येताना गाडीत सगळा रस्ता दात-ओठ खात होते. काउंटरवरच्या साहेबांनी मला सांगितलं, "मॅडम, खातं बंद झालंय. आता त्यात बघायचं काय?" हे वाक्य अजून कानात आहे, म्हणून लिहायला बसले. लांब होईल, पण वाचा.

माझी मावशी पारोळ्याची. एका जिनिंगच्या ऑफिसात आयुष्य काढलं. पगार ज्या खाजगी बँकेत व्हायचा ते खातं अकरा वर्षं जुनं. निवृत्त झाल्यावर ते वेतन खात्याचं साधं बचत खातं झालं आणि किमान शिल्लक ठेवायची अट आली. तिने विचार केला, जळगावला हेलपाटे कशाला, गावातल्या सरकारी बँकेत नवं खातं काढू. कानबाई झाली, पाहुणे गेले आणि 18 ऑगस्टला तिने रीतसर अर्ज देऊन जुनं खातं बंद केलं. चेकबुक परत दिलं, कार्ड कापून दिलं. बँकेने पत्र दिलं. मावशीने ते देवघरातल्या डब्यात जपून ठेवलं.

आणि परवा तिचा फोन आला. "खातं तं बंद कयं ना मी, मंग हाऊ हप्ता कसाना?" फायनान्स कंपनीचा मेसेज होता. लेकाच्या दुचाकीचं कर्ज तिच्या नावावर आहे. 5 सप्टेंबरचा 2,450 रुपयांचा हप्ता परत आला, कारण 'खाते बंद', आणि वर पाचशे रुपये बाऊन्स चार्ज. ज्या बाईने कधी किराणा दुकानाची उधारी महिन्याबाहेर जाऊ दिली नाही, तिला थकबाकीचा मेसेज. आवाज इतका पडलेला होता की मला आधी वाटलं घरात कुणाचं तरी बरं-वाईट झालं.

मी बँकेचं पत्र मागवून घेतलं. तीन वाक्यं. आपले खाते बंद करण्यात आले आहे. शिल्लक रक्कम आपल्या सूचनेनुसार वर्ग केली आहे. सर्व स्थायी सूचना रद्द केल्या आहेत. किती शिल्लक, किती कापलं, कोणत्या सूचना, काही नाही. अमळनेरच्या कृषी केंद्राचा हिशेब मी इतकी वर्षं लिहिते, आमचा मालक बियाण्याच्या एका पाकिटाची नोंद नसली तरी विचारतो. इथे बँकेने अकरा वर्षांचं खातं तीन वाक्यांत गुंडाळलं.

म्हणून आज गेले. मागणी एकच होती, बंद केल्याच्या नोंदीपर्यंतचा पूर्ण उतारा द्या. पासबुकात तो मिळत नाही, कारण शेवटच्या नोंदी पडतात तेव्हा पासबुक आधीच जमा झालेलं असतं किंवा छापलं जात नाही. नेटबँकिंगही त्याच दिवशी बंद पडतं. म्हणजे नेमका जो दिवस बघायचा, तोच ग्राहकाला दिसत नाही. त्यावर हे "बघायचं काय?" राग येणार नाही तर काय!

उतारा मिळाला, आणि काय दिसलं ते ऐका.

बंद करायच्या आधी शिल्लक 18,640 रुपये. त्यातून खाते बंद करण्याचं शुल्क 500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून 590. डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क 200 आणि जीएसटी, 236. एसएमएसचे 17 रुपये 70 पैसे. उरलेले 17,796 रुपये 30 पैसे एनईएफटीने मावशीच्या नव्या खात्यात. उताऱ्यावर यूटीआर, म्हणजे पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक होता, तो नव्या बँकेच्या पासबुकाशी जुळवला, पैशापर्यंत बरोबर आला. तेवढं नीट झालं, हे मान्य करते. खाते क्रमांकात एक आकडा चुकला असता तर पैसे परत फिरले असते, पण परत यायला खातंच नाही, मग ते बँकेच्या संड्री खात्यात, म्हणजे मार्गी न लागलेल्या किरकोळ रकमांच्या खात्यात, पडून राहतात आणि आपण विचारल्याशिवाय कुणी शोधत नाही. म्हणून यूटीआर हवाच.

आता कापलेल्या रकमा. खातं बंद करण्याचं शुल्क बहुतेक बँका खातं उघडून चौदा दिवस झाल्यापासून वर्षाच्या आत बंद केलं तरच घेतात. या बँकेच्या स्वतःच्या दरपत्रकातही तेच आहे, मी भिंतीवरचा तक्ता दाखवला. मावशीचं खातं अकरा वर्षांचं! मग 590 कशाचे? तर वेतन खातं साध्या बचत खात्यात बदललं, ती तारीख सिस्टिमने खातं उघडल्याची तारीख धरली. जुनं खातं, तोच क्रमांक, तीच बाई, आणि शुल्क नव्या खात्याचं. कार्डाचं वार्षिक शुल्क जानेवारीत एकदा कापलेलं आहे, त्याच उताऱ्यात नोंद आहे. ऑगस्टमध्ये तेच परत. एसएमएसचे 17 रुपये 70 पैसे तिमाहीचे आहेत, मेसेज आलेले आहेत, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

आणि जे दिसतच नाही ते व्याज. 1 एप्रिल 2010 पासून बचत खात्यावर रोजच्या शिलकीवर व्याज मोजतात. जमा मात्र तिमाहीला होतं. मावशीच्या खात्यात 30 जूनपर्यंतचं जमा होतं. 1 जुलै ते 17 ऑगस्ट हे 48 दिवस राहिले. अडीच टक्के दराने 18,640 वर वर्षाचे 466 रुपये, त्यातले 48 दिवसांचे 61. बंद करण्याच्या नोंदीआधी 'व्याज जमा' अशी ओळ यायला हवी होती. ओळच नाही. कापलेली रक्कम निदान डोळ्याला दिसते, न दिलेली कशी दिसणार? म्हणून सांगते, शेवटच्या उताऱ्यात आधी व्याजाची ओळ शोधा, मग शुल्कं वाचा.

590, 236 आणि 61, मिळून 887 रुपये. मावशीच्या हातात 18,683 रुपये 30 पैसे यायला हवे होते.

कुणी म्हणेल, नऊशे रुपयांसाठी एवढं? म्हणा. कापूस वेचणीच्या मजुराला विचारा नऊशे म्हणजे काय ते. आणि शाखेत माणसं कमी आहेत, कामाचा ताण आहे, हेही खरं. पण कमी माणसांमुळे चूक दर वेळी बँकेच्याच फायद्याची कशी होते, हे मला कुणी समजवावं.

बरं, हप्त्याचं काय झालं ते सांगते, कारण मावशीला पैशापेक्षा तेच जास्त लागलंय. "सर्व स्थायी सूचना रद्द" या ओळीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. बँकेची स्वतःची सूचना, म्हणजे दरमहा या खात्यातून आरडीत इतके टाका, ती बँक स्वतः बंद करते. विषय संपला. कर्जाचा हप्ता मात्र नॅच मँडेटवर चालतो, म्हणजे दरमहा खात्यातून हप्ता कापून घ्यायला आपण कंपनीला दिलेल्या परवानगीवर. तो मँडेट फायनान्स कंपनीकडे नोंदलेला असतो, त्याला यूएमआरएन नावाचा स्वतंत्र क्रमांक असतो. खातं बंद झालं म्हणून कंपनीच्या यादीतून तो आपोआप निघत नाही. कंपनी तारखेला रक्कम मागते, बँक 'खाते बंद' म्हणून परत पाठवते, आणि दंड कर्जदाराच्या माथी. बरं, मँडेट रद्द झाला तरी कर्ज कुठे रद्द होतं? हप्ता थकला की क्रेडिट रिपोर्टवर उशीर चढतो. योग्य क्रम एकच: आधी कंपनीला नव्या खात्याचा मँडेट द्यायचा, एक हप्ता नव्या खात्यातून गेलेला पाहायचा आणि त्यानंतर जुनं खातं बंद करायचं. बंद करणाऱ्या बँकेने अर्ज घेताना इतकं सांगितलं असतं तर? त्यांच्या स्क्रीनवर मँडेटची यादी दिसते. एक मिनिटाचं काम.

तिसरी गोष्ट वाचताना मात्र माझा राग गेला आणि पोटात गोळा आला. उताऱ्यात मे महिन्याच्या शेवटी 20 रुपये कापलेले दिसले. प्रधानमंत्री सुरक्षा विमा, अपघाताचं दोन लाखांचं कवच, 1 जून ते 31 मे. ज्या खात्यातून हप्ता जातो ते बंद झालं की कवच संपतं. मावशी रोज शेतावर जायला हायवे ओलांडते. 18 ऑगस्टपासून तिला विमा नाही आणि हे तिला माहीत नाही. मी गाडीतूनच फोन केला, उद्या सकाळी नव्या बँकेत जाऊन फॉर्म भर, वीस रुपयांचा आहे. ती म्हणाली, "वीस रुप्यासाठे कोन विचारस?" काय उत्तर देणार?

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याच शाखेत मागच्या टेबलावर एक तरुण मुलगी होती, साक्री तालुक्यातली, बोलण्यावरून लगेच कळलं. तिने उठून उतारा काढून दिला, दरपत्रक उघडलं, आणि हळूच म्हणाली, "ताई, बरोबर आहे तुमचं. लेखी द्या, तोंडी सांगितलं तर कुणी नोंद करत नाही." पाणी दिलं मला. माणसं वाईट नाहीत हो.

लेखी दिलं. अर्जात चार मागण्या केल्या: 590 आणि 236 परत, 48 दिवसांचं व्याज, रद्द केलेल्या प्रत्येक सूचनेची यूएमआरएनसह यादी, आणि 'या खात्यावर कोणतंही येणं बाकी नाही' असं वाक्य असलेलं नवं पत्र. शेवटचं महत्त्वाचं, कारण सहा महिन्यांनी कुणी न भरलेलं शुल्क काढलं तर दाखवायला कागद लागतो. पोच घेतली, शिक्का आणि तारखेसह. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. मी करणार आहे.

फायनान्स कंपनीचा हप्ता मावशीने काल ऑनलाइन भरून टाकला, नव्या खात्याचा मँडेट सोमवारी नोंदवणार. बाऊन्सचे पाचशे माफ करतात का, ते त्यांना पत्र दाखवून विचारते.

तुमच्यापैकी कुणी यंदा पगाराचं जुनं खातं बंद केलं असेल तर शेवटचा उतारा मागून घ्या. आकडे जुळत नसतील तर मला पाठवा, रात्री जेवणं झाल्यावर मी बसून बघते. खाते क्रमांक झाकून पाठवा.